आकाशातले तेच ते डाग

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मावळतीला काढलेले फोटो घरच्या मोठ्या पडद्यावर उघडले, की पुष्कळदा कड्याच्या आधी आकाशातले राखाडी ठिपके नजरेत भरतात. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ते दिसलेले नसतात. कडा कोरून काढल्यासारखा आलेला असतो, खाली कोकणातल्या धुक्याचे थर छान उतरलेले असतात, आणि वरच्या मोकळ्या आकाशात मात्र कडा धूसर असलेले लहान लहान गोल. पुढचा फोटो उघडावा तर त्यातही तेच गोल, त्याच जागी. मग लक्षात येतं की हा दोष दृश्यातला नाही आणि लेन्समधलाही नाही. कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरवर धूळ बसलेली आहे आणि त्या संध्याकाळच्या प्रत्येक फोटोवर तिची सावली पडलेली आहे.

दोनशे-अडीचशे फोटोंतला प्रत्येक ठिपका हाताने पुसायचा म्हटलं तर आठवडा जाईल. पण धूळ सेन्सरला चिकटलेली असते, म्हणून तिची जागा बदलत नाही. ती एकदा नीट शोधून ठेवली की एका फोटोवर केलेली दुरुस्ती बाकीच्या सगळ्यांवर नेता येते. यात फसगत कुठे होते तेही सांगतो, कारण न बघता केलेली दुरुस्ती मूळ डागापेक्षा जास्त खटकते.

आधी डाग पडतो कसा ते पाहू. आपण म्हणतो ‘सेन्सरवर धूळ’, पण खरं तर धूळ सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसते. प्रकाश टिपणाऱ्या थरापुढे अवरक्त किरण अडवणारी आणि इतर कामं करणारी पातळ काच असते. कण तिच्या बाहेरच्या बाजूला असतो, म्हणजे प्रत्यक्ष थरापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर दूर. कणाचं चित्र उमटत नाही, त्याची सावली पडते. ती गडद पडणार की विरून जाणार हे लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडं आहे यावर ठरतं. रुंद ट्यूबलाइटखाली हाताची सावली अस्पष्ट पडते आणि लहानशा टॉर्चसमोर ठसठशीत, तसंच हे.

थोडा हिशेब करून बघू. समजा, कण ५० मायक्रॉनचा आहे आणि थरापासून दीड मिलिमीटर पुढे आहे. एफ/४ वर सेन्सरच्या एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी सुमारे पाऊणशे शतांशाचा नव्हे, तर ०.३७५ मिलिमीटर रुंद असतो. कण त्यातला दोन टक्क्यांहून कमी प्रकाश अडवतो आणि तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. एफ/१६ वर तोच शंकू ०.०९ मिलिमीटरच्या आसपास आक्रसतो आणि तोच कण पावभागाहून अधिक प्रकाश अडवतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो, तेव्हा ही सावली २०-२५ पिक्सेल रुंद पडते. लग्नात एफ/२.८ वर काढलेल्या चेहऱ्यांच्या फोटोंत वर्षभर न जाणवलेली धूळ गडावर एफ/१६ लावताच अचानक दिसू लागते, त्याचं कारण हे आहे. धूळ तिथे आधीपासूनच होती.

लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ असे ठिपके देत नाही, कारण ती फोकसपासून फारच लांब असते. तिने फार तर एकूण चित्र किंचित फिकं पडतं किंवा उजेडासमोर चमक येते. शंका असेल तर लेन्स बदलून पाहावी. डाग त्याच जागी राहिला तर तो सेन्सरचा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोकणकड्यावरच्या एका संध्याकाळचे २६० रॉ फोटो आहेत असं धरू. दुरुस्ती लाइटरूम क्लासिकमध्ये करायची आहे. डार्कटेबल या मोफत प्रोग्रॅममध्येही retouch नावाचं हेच काम करणारं साधन आहे आणि त्यातही एका फोटोवरची दुरुस्ती दुसऱ्यावर नेता येते. नावं बदलली तरी कामाचा क्रम तोच राहतो.

पहिलं काम म्हणजे सगळ्या २६० फोटोंना हात न लावणं. Library मध्ये Metadata च्या गाळणीत Aperture चा स्तंभ लावला की कुठला फोटो कुठल्या छिद्रावर काढला ते समोर येतं. समजा, कड्याची आणि दरीची १८० दृश्यं एफ/११ ते एफ/१६ वर आहेत आणि सोबत्यांचे ८० फोटो एफ/२.८ ते एफ/४ वर. त्या ८० फोटोंत डाग दिसतच नाहीत, तेव्हा ते बाजूला ठेवायचे. जिथे डाग नाही तिथेही दुरुस्ती चढवली तर कुणाच्या तरी गालावर शेजारच्या त्वचेचा तुकडा विनाकारण बसेल. उरलेल्या १८० मधले उभे फोटो आणखी वेगळे काढावेत. कॅमेरा उभा धरला की सेन्सरही त्याच्याबरोबर फिरतो. आडव्या फोटोत आकाशात असलेला डाग उभ्या फोटोत बाजूच्या कड्यावर किंवा झाडीत जातो आणि त्याच्या शेजारी काय आहे हे सगळं बदलतं. म्हणून उभ्यांचा गट स्वतंत्र धरून त्याची दुरुस्तीही स्वतंत्र करावी.

दुसरं काम नमुन्याचा फोटो निवडण्याचं. सगळ्यात सुंदर फोटो इथे उपयोगाचा नाही. ज्यात मोकळं आकाश सर्वांत जास्त जागा व्यापतं आणि छिद्र सर्वांत लहान आहे, असा फोटो हवा. एफ/१६ वर दिसलेले डाग एफ/११ वर फिके झालेले असतात, पण जागा तीच असते. उलट एफ/११ च्या फोटोवरून नकाशा केला तर एफ/१६ मधले काही डाग सुटतील.

तिसरं काम शोधण्याचं. Develop मध्ये Q दाबलं की डाग काढण्याचं साधन उघडतं आणि A दाबलं की Visualize Spots सुरू होतं. चित्र काळं-पांढरं होतं आणि वस्तूंच्या कडा पांढऱ्या रेषांनी उमटतात. सपाट आकाशात धुळीचे डाग लहान पांढऱ्या कड्यांसारखे उठून दिसतात. खालच्या पट्टीने संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. फार वाढवली तर ढगांची पोत आणि चित्रातला दाणाही डागांसारखा चमकू लागतो, म्हणून डाग जेमतेम दिसतील इतकीच ठेवावी. मग फोटो १०० टक्के मोठा करून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून Page Down दाबत जायचं. प्रोग्रॅम एकेक पट्टा खाली नेत पूर्ण चौकट फिरवून आणतो, त्यामुळे कुठलाही कोपरा राहत नाही. काहीजण शोधापुरता Dehaze वाढवतात. त्याने फिके डागही गडद होतात. शोध संपला की तो पुन्हा शून्यावर आणावा.

आपल्या नमुन्यात असे अकरा ठिपके सापडले असं समजू. इथेच थांबायला हवं, कारण कोकणकड्यावर आकाशात फक्त धूळ नसते. कड्याच्या वाऱ्यावर पाकोळ्या आणि शिकारी पक्षी घिरट्या घालत असतात आणि रुंद लेन्समध्ये दूरचा पक्षी म्हणजे दहा-बारा पिक्सेलचा काळा ठिपका. Visualize Spots ला पक्षी आणि धूळ यांतला भेद कळत नाही. तो आपण करायचा आणि त्याची खात्रीची कसोटी एकच आहे. शेजारचे दोन फोटो उघडून तीच जागा बघायची. धूळ तिथेच असते, पक्षी उडून गेलेला असतो. शिवाय धुळीचा डाग गोलसर, राखाडी आणि कडांना विरलेला असतो, पक्षी काळा आणि धारदार. अकरापैकी दोन ठिपके असे पक्षी निघाले, तर नकाशात नऊच घ्यायचे.

ही कसोटी मला मनापासून महत्त्वाची वाटते. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेच्या नियमांत चित्रातली कुठलीही वस्तू काढायला मनाई आहे, पण सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढायला स्पष्ट मुभा आहे. डाग कॅमेऱ्याने घातलेला असतो, पक्षी त्या संध्याकाळी खरोखर तिथे होता. निसर्गाची नोंद म्हणून फोटो काढणाऱ्याने या रेषेपलीकडे जाऊ नये.

चौथं काम प्रत्यक्ष पुसण्याचं. साधनात दोन जुने प्रकार आहेत, Clone आणि Heal. नव्या आवृत्त्यांत Remove हा तिसराही आहे, पण आकाशातल्या धुळीला Heal पुरतं आणि ते वेगाने चालतं. क्लोन शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून डागावर ठेवतो. मावळतीचं आकाश क्षितिजाकडे उजळ आणि वर गडद होत जातं. त्यामुळे थोड्याशा अंतरावरून उचललेला तुकडाही ठिगळासारखा दिसतो.

हील वेगळं काम करतं. ते शेजारच्या तुकड्यातून पोत घेतं, म्हणजे एका पिक्सेलपासून दुसऱ्यापर्यंत होणारे बारीक फरक घेतं. रंग आणि उजेड मात्र डागाभोवतीच्या कडेवरून ठरवतं आणि आतल्या भागात हळूहळू पसरवतं. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ साली, सातव्या आवृत्तीत आला. पुढच्याच वर्षी पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक या संशोधकांनी याच जातीच्या पद्धतीचं गणित प्वासाँ समीकरणाच्या आधारे मांडलं आणि ते या क्षेत्रात आजही पायाभूत मानलं जातं. सामान्य वापरणाऱ्याने त्यातलं एकच लक्षात ठेवावं. हील कडेवर विश्वास ठेवतं. वर्तुळाची कड स्वच्छ आकाशावर असेल तर आतला भाग निर्दोष भरला जातो. कडेवर काळा खडक आला तर तो काळा रंगही आत झिरपतो आणि धुरकट फराटा उमटतो.

म्हणून वर्तुळ डागापेक्षा थोडंसंच मोठं घ्यायचं. डाग पूर्ण आत यायला हवा, कारण त्याची विरलेली कड वर्तुळाच्या रेषेवर आली तर हील तोच राखाडी रंग आत पसरवतं आणि डाग फक्त फिका होतो. पण उगाच मोठं वर्तुळ घेतलं तर शेजारची ढगाची कड त्यात येते. Opacity १०० ठेवावी. प्रत्येक डागावर एकेक टिचकी मारायची, ब्रश ओढायचा नाही. जिथून पोत घेतली ते दुसरं वर्तुळ प्रोग्रॅम स्वतः निवडतो आणि ते आवडलं नाही तर / दाबून दुसरी जागा मागता येते. ते हाताने ओढून हलवताही येतं, पण अनेक फोटोंवर काम न्यायचं असेल तर नमुन्यात शक्यतो तसं करू नये. हाताने ठरवलेली जागा पुढच्या प्रत्येक फोटोत तशीच जाते, मग तिथे आकाश असो वा कडा.

आता पाचवं काम, जे क्षणात होतं. नमुन्याचा फोटो आधी निवडायचा, मग त्याच्याबरोबर त्या गटातले बाकीचे निवडायचे आणि Sync दाबायचं. उघडणाऱ्या चौकटीत आधी Check None करून फक्त डाग काढण्याच्या नावासमोर खूण करायची. जुन्या आवृत्तीत ते नाव Spot Removal होतं, नंतर Healing झालं. बाकी खुणा राहिल्या तर नमुन्याचा उजेड, रंग आणि कातरणीही सगळ्यांवर चढेल. फोटो आधीच कातरलेले असले तरी बिघडत नाही, कारण डागांच्या जागा मूळ पूर्ण चौकटीवरून मोजल्या जातात. मूळ फाइलमधले पिक्सेलही बदलत नाहीत. कुठे वर्तुळ, केवढं आणि कुठून पोत, एवढीच नोंद जतन होते. म्हणून चुकलेली दुरुस्ती नंतर कधीही काढून टाकता येते.

बहुतेकजण इथे थांबतात आणि तिथेच गडबड होते. सहावं काम, तपासणी, हे सगळ्यात जास्त वेळ घेणारं आहे आणि घ्यायलाच हवं. एकेक फोटो उघडून H दाबायचं, म्हणजे वर्तुळं लपतील आणि खालचं चित्र दिसेल. पुन्हा H दाबलं की ती परत येतात. आपल्या नऊ डागांपैकी वरचे सहा जवळपास प्रत्येक आडव्या फोटोत आकाशातच राहिले, तिथे काही करावं लागलं नाही. सातवा एका ठिकाणी कड्याच्या धारेवर आला आणि तिथे हीलने धारेचा काळा रंग आकाशात ओढला. अशा जागी पोतीचं वर्तुळ त्याच धारेच्या सरळ रेषेत, थोडं पुढे नेऊन ठेवावं म्हणजे धार धारेला जुळते. नाही जुळली तर तेवढ्यापुरतं Clone करून Feather कमी करावा. आठवा आणि नववा डाग चौकटीच्या खालच्या भागात असल्याने अनेक फोटोंत गवतावर आणि कातळावर आले. अशा पोतीवर धुळीचा डाग मुळात दिसतच नाही. तिथली दुरुस्ती सरळ पुसून टाकावी. ती ठेवली तर गवताचा एखादा तुरा दोनदा दिसू लागतो आणि अशी जुळी पाती डोळा फार लवकर पकडतो.

दाट गर्दीच्या फोटोंतही हाच नियम. कासच्या फुलांच्या गालिच्यावर डाग शोधत बसू नये. तो आकाशात, धुक्यात, पाण्याच्या सपाट पृष्ठावर आणि पांढऱ्या भिंतीवर दिसतो, आणि तिथेच काढायचा असतो.

तपासताना आणखी एक गोष्ट दिसू शकते. समजा, दीडशेव्या फोटोच्या आसपास आकाशात एक नवाच डाग उगवला आहे. कड्यावरच्या वाऱ्यात लेन्स बदलली असेल, तर नवा कण आत आला आणि एखादा जुना उडूनही गेला. कॅमेरा सुरू-बंद करताना सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय आता बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये ती पहिल्यांदा आणली. त्या थरथरीनेही कण जागा बदलतात. म्हणून एकच नकाशा पूर्ण संध्याकाळभर चालेल असं धरू नये. बदल कुठे झाला ते शोधायला सगळे फोटो बघावे लागत नाहीत. गटातला मधला फोटो पाहायचा. नवा डाग त्यात असेल तर पहिल्या अर्ध्याच्या मधला पाहायचा, नसेल तर दुसऱ्या अर्ध्याच्या. सात-आठ फोटोंत नेमकी जागा सापडते. तिथून पुढच्या फोटोंसाठी नवा नमुना करायचा.

हे सगळं सोपं करणारी एक सवय आहे आणि ती गडावर जाण्याआधीची आहे. धुळीचा नकाशा निसर्गाच्या फोटोवरून शोधण्यापेक्षा मुद्दाम कोऱ्या फोटोवरून काढावा. आयएसओ सर्वांत कमी, छिद्र एफ/१६, फोकस हाताने पूर्ण चुकवलेला, आणि समोर पांढरी भिंत किंवा कोरं आकाश. शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवायचा. भिंतीवरच्या खुणा त्याने विरून जातात, पण धूळ सेन्सरबरोबरच हलत असल्याने तिचे डाग स्पष्ट राहतात. कॅमेरा कंपन्यांनीही हीच कल्पना वापरली आहे. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत Dust Delete Data आणि निकॉनमध्ये Image Dust Off ची सोय आहे. दोन्हींत आधी पांढऱ्या पृष्ठाचा फोटो घेतला जातो आणि त्यावरून त्यांचे स्वतःचे प्रोग्रॅम बाकीच्या फोटोंतले डाग भरतात.

त्याच कोऱ्या फोटोवरून धूळ नेमकी कुठे बसली आहे तेही कळतं. लेन्स चित्र उलटं पाडते. त्यामुळे कॅमेरा समोर धरून आत पाहिलं तर फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग सेन्सरवर खाली डावीकडे असतो. रबरी ब्लोअरने, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून, हवा मारली की सुटी धूळ बहुधा निघते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे थेंब चिकटून बसतात. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातला द्रव काचेवर उडू शकतो. ब्लोअरने न हलणारा किंवा तेलकट डाग ओल्या स्वॅबनेच निघतो आणि सवय नसेल तर ते काम जाणत्याकडे द्यावं.

पुढच्या वेळी बाहेर पडण्याआधी एफ/१६ वर असा एक कोरा फोटो काढा, गडावर लेन्स बदललीत की आकाशाकडे कॅमेरा करून आणखी एक काढा, आणि ते दोन्ही त्या दिवसाच्या फोटोंबरोबरच जपून ठेवा. नमुना म्हणून वापरायला त्यांच्याइतके चांगले फोटो दुसरे मिळणार नाहीत.